टाकीला झाकण आहे, पण डासाची वाट उघडीच आहे

गटाच्या बैठकीत परवा एक प्रश्न आला आणि आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत. प्रश्न असा होता की, "आमच्या टाकीला झाकण आहे, हौदावर पत्रा आहे, तरी पाण्यात अळ्या होतातच कशा?" प्रश्न विचारणारी एक होती, पण माना हलवणाऱ्या सगळ्याच होत्या.

आपल्या परभणी जिल्ह्यात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. नळाला कुठं चार दिवसांनी, कुठं आठ दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नसतो. म्हणून घरोघरी हौद, टाकी, टिपाड, रांजण भरलेले असतात. आरोग्य खात्याचे लोक सांगतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. रांजण आणि बादली रिकामी करता येते. पण दोन हजार लिटरचा हौद दर आठवड्याला ओतून द्यायचा म्हटलं तर पुढचे दिवस प्यायचं काय? म्हणून आपला नियम सोपा ठेवू. लहान भांडं दर आठवड्याला कोरडं करायचं आणि मोठी टाकी डासाला शिरता येणार नाही अशी बंद करायची.

आधी हा डास कोणता ते समजून घेऊ. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव शोषखड्ड्यांमुळं डासमुक्त गाव म्हणून नावाजलं. सांडपाणी जमिनीत मुरवलं की गटारीत वाढणाऱ्या डासांचा बंदोबस्त होतो. पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास गटारीतला नसतो. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो आणि त्याला आपल्या घरातलं साठवलेलं पाणी आवडतं. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. पुढं तीस वर्षांहून जास्त काळ तो आजार दिसेनासा झाला आणि 2006 साली महाराष्ट्रात पुन्हा पसरला. आपल्या मराठवाड्यातही तेव्हा माणसं सांधे धरून बसली होती. शोषखडडा हवाच, पण हा डास त्यानं थांबत नाही. त्याला टाकीच्या तोंडाशीच अडवावं लागतं.

या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला ती चिकटवते. तिथं ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पाणी वर चढून अंडी भिजली की त्यातून अळ्या निघतात. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. यातून दोन गोष्टी कळतात. टाकी नुसती रिकामी करून परत भरली तर अंडी भिंतीवरच राहतात, म्हणून भिंत घासावी लागते. आणि आठ दिवसांनी पाणी आलं की आपण अर्ध्या टाकीवरच नवं पाणी भरतो. मग खालच्या जुन्या पाण्यात अळ्यांना मोठं व्हायला पुरता वेळ मिळतो.

आता आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरचं सांगतो. त्यांच्याकडं अंगणात पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल हौद आहे. म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर. वर स्लॅबवर हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी आहे. हौदावर पत्रा होता, टाकीला झाकण होतं. तरी दोन्हीकडं अळ्या होत्या. मग आम्ही चौघीजणी मिळून डासाची वाट शोधायला बसलो.

पाहायची पद्धत अशी. झाकण हळूच उघडून बॅटरीचा उजेड पाण्यावर टाकायचा. हादरा बसला की अळ्या तळाला पळतात, म्हणून पहिल्या नजरेत पाणी स्वच्छ वाटतं. दोन-तीन मिनिटं थांबायचं. श्वास घ्यायला त्या वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठाला तिरक्या लटकतात. स्वल्पविरामासारखे वाकडे, टणाटण उड्या मारणारे जीव दिसले तर ते कोष. कोष दिसले म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणार.

वरच्या टाकीत चार वाटा सापडल्या. झाकण उन्हानं वाकलेलं आणि त्याचे आटे झिजलेले, त्यामुळं एका बाजूला बोट जाईल एवढी फट. जादा पाणी बाहेर पडायचा पाइप उघडा. हवेचं भोक उघडं. आणि भरायचा पाइप आत जातो तिथलं भोक पाइपापेक्षा मोठं. हौदावरचा पत्रा तर सिमेंटवर नुसता ठेवलेला होता, चारही बाजूंनी उजेड दिसत होता. उजेड दिसतो तिथून डास जातो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एकीनं सुचवलं, सगळी भोकं बुजवून टाकू. पण तसं करायचं नाही. खालचा नळ सोडला की टाकीतलं पाणी उतरतं आणि त्याच्या जागी हवा आत यावी लागते. हवेला वाट नसली तर नळ गचके खात चालतो आणि पातळ टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात. जादा पाण्याचा पाइप बुजवला तर भरून वाहणारं पाणी झाकणातून उसळतं. म्हणून फट बुजवायची, पण हवेच्या आणि पाण्याच्या वाटेला जाळी लावायची.

बंद करण्याआधी स्वच्छता केली. आत अळ्या असताना झाकण लावलं तर त्यांचे डास आतच होतात आणि झाकण उघडताच तोंडावर येतात. नळाचं पाणी सोमवारी यायचं होतं, म्हणून रविवार धरला. त्या दिवशी पाणी सगळ्यात कमी असतं आणि वाया कमी जातं. राहिलेलं पाणी दुपदरी सुती कापडातून गाळून धुण्याला आणि झाडांना वापरलं. कापडावरच्या अळ्या आणि तळाचा गाळ उन्हातल्या कोरड्या मातीवर टाकला. नालीत टाकला असता तर साचल्या पाण्यात त्या जगल्या असत्या.

आतली बुळबुळ दोन तऱ्हेची होती. झाकणाच्या फटीखाली हिरवं शेवाळ होतं. ते उजेडावर वाढतं, म्हणून उजेड बंद केला की त्याचं बळ संपतं. तळाशी आणि अंधाऱ्या भिंतीवर तपकिरी, चिकट थर होता. तो गाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असतो आणि अंधारातही होतो. तो घासूनच काढावा लागतो. प्लास्टिकच्या टाकीला तारेची घासणी लावू नये. तिचे ओरखडे पडतात आणि त्यातच पुढची बुळबुळ धरते. काथ्या किंवा नायलॉनचा ब्रश पुरतो. सगळ्यात जास्त जोर पाण्याच्या रेषेच्या पट्ट्यावर द्यायचा, कारण अंडी तिथं असतात.

हौदात उतरताना मोटारीची वीज बंद केली, शिडी लावली आणि एक बाई वर थांबली. बंद हौदात एकटीनं कधीच उतरायचं नाही. आत असताना टीसीएल पावडर वापरायची नाही, तिचा वास छातीत भरतो.

मग वाटा बंद केल्या. पाइपाभोवतीचं भोक एमसीलनं बुजवलं. झाकणाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवली आणि वरून दोरीनं आवळलं. हौदाच्या तोंडाभोवती विटा-सिमेंटचा चार इंच उंच काठ बांधला आणि पत्र्याच्या कडा खाली वळवून घेतल्या, म्हणजे डब्याच्या झाकणासारखा तो काठावर बसतो. त्यामुळं अंगणातलं पावसाचं पाणीही आत जात नाही.

जाळी घेताना एका इंचात तारांची सोळा ते अठरा घरं मोजून घ्यायची. त्याहून मोठ्या घरांची जाळी माशी अडवते, डास नाही. हवेच्या भोकावर खाली तोंड करून एल्बो लावला आणि तोंडाला जाळी आवळली. जादा पाण्याच्या पाइपाला जाळी ताणून न बांधता छोट्या पिशवीसारखी बांधली. ताणलेली जाळी थोड्या कचऱ्यानं तुंबते, पिशवीला पाणी सोडायला जास्त जागा मिळते. नायलॉनची जाळी उन्हानं चुरते, खारी-उंदीर ती कुरतडतात. जमेल तिथं स्टीलची घ्यावी.

सोमवारी पाणी भरल्यावर टीसीएल टाकलं. हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे हौदाला साधारण 11 ग्रॅम. बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी हौदात ओतलं. अर्ध्या तासानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांनी ओटी तपासणी केली, पाणी पिवळं झालं. भिंतीला बुळबुळ असली तर टीसीएल तीच खाऊन टाकते आणि पाण्यासाठी काही उरत नाही. आणि एक गैरसमज दूर करू. पिण्याच्या पाण्यात टाकतो तेवढ्या टीसीएलनं अळ्या मरत नाहीत. ते जंतूंसाठी आहे, डासासाठी झाकण आणि जाळीच.

ज्या हौदाला झाकण बसवणंच शक्य नाही, तिथं आरोग्य उपकेंद्रातून गप्पी मासे मागून सोडता येतात. अळ्या मारायचं औषध मात्र आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच हातून, मोजून टाकून घ्यावं.

पुढच्या आठवड्यांत ताईंच्या टाकीत अळ्या दिसल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात हौदात चार-पाच दिसल्या. शोधलं तर मुलांनी मोटारीची वायर काढताना पत्रा उचलला होता आणि एक कोपरा वर राहिला होता. तेवढी फट पुरली. म्हणून दर आठवड्याला बॅटरीनं पाहायचं, महिन्यातून एकदा जाळ्या धुवायच्या आणि तीन महिन्यांनी टाकी घासायची.

हा डास फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटर. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुतेक आपल्या नाहीतर शेजारणीच्या पाण्यातला असतो. ताईंच्या आळीत चौदा घरं आहेत. आम्ही जाळी एकत्र विकत आणली, घरागणिक तुकडे कापले आणि दर शनिवारी दोघी-दोघींनी बॅटरी घेऊन फिरायचं ठरवलं. पहिल्या शनिवारी तीन घरांत कोष सापडले. एक टिपाड होतं, एक फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे आणि एक कोपऱ्यात ठेवून दिलेला कूलर. ट्रे आणि कूलर दोन्ही घरांत कुणाच्या ध्यानातही नव्हते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरी पाणी यायच्या आदल्या दिवशी टाकीजवळ जा. झाकण लावलेलं असतानाच चारही बाजूंनी पाहा, पाइपांची तोंडं पाहा, मग झाकण उघडून बॅटरी धरा आणि तीन मिनिटं थांबा. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा.