इंदूरच्या भगिनींचे स्वागत
(मंडळाच्या स्नेह-खोखो स्पर्धेच्या उद्घाटनप्रसंगी संघव्यवस्थापिकेने केलेले भाषण)

अध्यक्षबाई, इंदूरहून आलेल्या पाहुण्या भगिनींनो, दोन्ही संघांतील मुलींनो आणि आळीतल्या सर्व मंडळींनो,

मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि आवाज चढवायची वेळ येते ती मैदानाच्या कडेला उभी राहून "खो दे ग!" म्हणायचीच. पण आमच्या संघाची व्यवस्था मी पाहते, तेव्हा पाहुण्यांचे स्वागत मीच करावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले. त्यांचा शब्द मोडवत नाही.

इंदूरकर भगिनींनो, रात्रभर आगगाडी, पुण्यात उतरून पुन्हा दुसरी गाडी, असा प्रवास करून तुम्ही कोल्हापूरला आलात. तुमचे मनापासून स्वागत. तुमच्याकडे होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत, त्यामुळे बोलणे परके वाटत नाही. सकाळी पोहे आम्हीही केले होते, पण तुमच्यातल्या एकीने पिशवीतून जिरावनाची पुडी काढली तेव्हाच ओळखले की आमचे पोहे तुम्हाला सपक लागले. तांबडा रस्सा मात्र उद्या शेवटचा सामना झाल्यावरच मिळेल. भरल्या पोटी पळती करता येत नाही.

महिलांची पहिली राष्ट्रीय खोखो स्पर्धा १९६०-६१ साली आमच्या या कोल्हापुरातच झाली. त्यामुळे इथल्या आज्याही खोखोबद्दल अधिकाराने बोलतात. कडेला बसून त्या निकाल देऊ लागल्या तर मनावर घेऊ नका.

आता कामाचे बोलते. तुम्ही गादीवर, म्हणजे मॅटवर, बूट घालून सराव करता. आमच्या मुली मातीवर अनवाणी खेळतात. या फरकाने दुखापत होऊ नये, म्हणून मैदान कसे केले ते सांगते. लाल माती चाळून, खडे वेचून पसरली. काल रात्री पाणी मारले, सकाळी रोलर फिरवला. सकाळी पाणी मारले असते तर आता पाय घसरला असता. टाच दाबून पाहा: पुसट ठसा उठला आणि माती टाचेला चिकटली नाही, तर मैदान खेळायला योग्य. रेघा फक्कीने आखल्या आहेत. चुना वापरलेला नाही, कारण सूर मारताना तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. खांब दोघींनी मिळून ओढून पाहिले, हलत नाहीत.

गादीवर सूर मारला की अंग पुढे घसरत जाते. मातीवर ते लवकर थांबते आणि तळवा व गुडघा सोलतो. तेव्हा तुमच्या मुलींनी आधी दोन-चार सूर हळू मारून अंदाज घ्यावा. गुडघ्याला पट्टी बांधायची असेल तर आमच्याकडे आहे. सोलले तर साबण-पाण्याने धुऊन मुरमाचा कण अन् कण काढायचा, वर हळद किंवा माती चोपडायची नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन कोणी कधी घेतले, हे दोन्ही संघांच्या वहीत लिहिले आहे.

खांबापाशी जास्त जपायचे. सगळ्या तिथेच वळतात, त्यामुळे पाव डाव झाला की तिथे खळगा पडतो आणि पळणारीचा घोटा मुरगळतो. म्हणून दोन पाळ्यांच्या मधल्या सुट्टीत आमच्या दोन बायका धुमस घेऊन येतील, खळगा भरून ठोकतील आणि मगच पुढची शिट्टी होईल. वेळ गेला तर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट नियमांची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. ते सामने आमच्या मुलींनी पाहिले आणि तुमच्याही पाहिल्या असणार. तिथे पाठलागाला सातजणी होत्या आणि त्यांतल्या वजिराला कोणत्याही दिशेने धावता येत होते. आपण तसे खेळणार नाही. आपला खेळ जुन्या रीतीचा, नऊ जणींचा: आठ बसलेल्या, एक धावणारी, आणि वजीर कोणी नाही. दिशा धरली की खांबापर्यंत तीच दिशा.

यावरूनच भांडणे होतात. मागे एका गावी आम्ही खेळायला गेलो होतो. दुसऱ्या डावात आमची शेवटची मुलगी पळत होती. समोरच्या संघाची मुलगी तिच्या मागे वेगात आली, बसलेल्या गड्याची आडवी पाटी ओलांडून पुढे गेली आणि मागे हात करून खो दिला. तो उशिराचा खो, म्हणजे चूक. अशा वेळी पंचाने शिट्टी मारून तिला उलट दिशेला पाठवायचे असते आणि त्या चुकीतून कोणी टिपले गेले असेल तर ते बाद धरायचे नसते. पण पंच दुसऱ्या अर्ध्यात पाहत होते. खो घेऊन उठलेल्या मुलीने आमचीला टिपले, पंचांनी बाद दिले, आणि मग दोन्हीकडच्या बायका मैदानात उतरल्या. परतीच्या गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. पंच त्यांच्या गावचे होते म्हणून असे झाले, असे आमच्या मुली अजून म्हणतात. मला ते पटत नाही. एका पंचाला दोन्ही अर्धी दिसत नाहीत, एवढेच त्याचे कारण.

म्हणून तुमच्या व्यवस्थापिकाताईंशी मी पत्राने आधीच ठरवून घेतले आहे. पंच दोन: एक इंदूरच्या, एक इथल्या. प्रत्येकीकडे अर्धे मैदान, आणि दुसऱ्या डावात अर्धी बदलायची. सरपंचाला विचारायचे ते फक्त कर्णधाराने, आणि सुट्टीत. चालू डावात कोणी हात वर करणार नाही. गुणलेखनाला दोन वह्या राहतील आणि पाळी संपली की जुळवून पाहायच्या.

एक बारीक नियम मुलींना पुन्हा सांगते, कारण गादीवरच्या सामन्यांची सवय झाली की तो विसरतो. तीन-तीनच्या तुकडीतली तिसरी बाद झाली, की तिला टिपणारीने नव्या तुकडीमागे धावायचे नाही, आधी खो द्यायचा. आणि नव्या तिघींनी दोन खो पडायच्या आत मैदानात यायचे, नाहीतर न येणारी बाद. जयघोष चालू असताना नेमके हेच राहते.

आजचा सामना आत्ता, दुसरा उद्या सकाळी उन्हाआधी. उद्या दुपारचा तिसरा मात्र संघ मिसळून होईल. चिठ्ठ्या टाकून दोन्ही गावच्या मुली दोन्हीकडे वाटायच्या. त्याला आमच्यातल्या काहींनी नाके मुरडली, "मग जिंकले कोण म्हणायचे?" म्हणून. पण मला त्याच सामन्याची उत्सुकता आहे. तुमच्या मुली हुलकावणी देताना खांद्याने फसवतात, आमच्या पावलाने. एका साखळीत दोन्ही आल्यावर काय होते ते पाहायचे आहे. खो मात्र दोघींनाही मोठ्यानेच द्यावा लागेल, कारण एकमेकींच्या खुणा कळणार नाहीत.

मुक्काम आळीतल्या घरांतून दोघी-दोघींचा आहे. कोणाला पाळीचा त्रास होत असेल, अंगात कणकण असेल तर ती ज्या घरी उतरली असेल तिथल्या वहिनीला किंवा मला सांगावे. लपवून मैदानात उतरू नये. बदली खेळाडू तीन आहेत, त्या कशासाठी?

ऊन उतरले आहे आणि मुली चुळबुळ करू लागल्या आहेत. दोन्ही कर्णधारांनी नाणेफेकीसाठी मधल्या पाटीवर यावे. पाहुण्या कर्णधाराने छापा की काटा सांगावे, आणि जी जिंकेल तिने पाठलाग घ्यायचा की पळती, ते सरपंचाला सांगावे. बाकीच्यांनी रेघेच्या बाहेर व्हावे. फक्की अजून ओली आहे, लुगडी सांभाळा.