रात्रपाळी आणि अभ्यासाची वेळ
(विभागीय परीक्षेला बसणाऱ्या रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात, बंगळूर येथे केलेले भाषण)



आज आपण अभ्यास किती तास करायचा याविषयी बोलणार नाही. तुमच्याकडे किती तास उरतात ते आम्हाला ठाऊक आहे. रात्री 22 ते सकाळी 6 ड्युटी, त्यानंतर घर, झोप, बाजार, मुलांची शाळा. उरलेल्या दीड-दोन तासांत कोणता विषय घ्यायचा आणि कोणता घ्यायचा नाही, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. परीक्षेत नापास होणारे पुष्कळ जण अभ्यास करूनच नापास होतात. कठीण प्रकरण ते चुकीच्या वेळी वाचतात.

माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते ड्युटीचे रोस्टर वाचत नाही. या विषयाचा आपल्या देशातला पाया घातला एम. के. चंद्रशेखरन या शास्त्रज्ञांनी. मदुराई कामराज विद्यापीठात त्यांनी एक बंदिस्त तळघर उभारले. तिथे घड्याळ नाही, सूर्यप्रकाश नाही, अशा खोलीत माणसे राहत आणि त्यांच्या झोपेच्या वेळा नोंदवल्या जात. पुढे ते याच शहरात, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये काम करीत होते. अशा प्रयोगांतून दिसले ते हे की बाहेरची कसलीच खूण नसली तरी शरीर साधारण एका दिवसाचा फेरा आपला आपण चालवते. अमेरिकेत 1938 साली क्लाइटमन नावाचे शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यासह महिनाभर गुहेत राहिले आणि त्यांनी 28 तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याला तो जमला, चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांना जमला नाही. म्हणून चार नाईट केल्या की सवय होते, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. चार दिवसांत फार तर डोळे उघडे ठेवण्याची सवय होते.

या घड्याळाचा सर्वांत खोल खड्डा पहाटे 3 ते 5 च्या सुमारास असतो. दुसरा, लहान खड्डा दुपारी 2 ते 4 च्या दरम्यान. आणि बहुतेकांना संध्याकाळी, झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी दोन-तीन तास, चांगली हुशारी असते. नाईट करून सकाळी झोपलेल्या माणसाची झोप पाच-साडेपाच तासांतच मोडते, कारण घड्याळ म्हणते, दिवस उगवला. ही झोप अपुरी असते, हे धरूनच पुढचा हिशोब करायचा.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमचा एक पॉइंट्समन सहकारी गुड्स ट्रेन मॅनेजरच्या, म्हणजे पूर्वीच्या गुड्स गार्डच्या, विभागीय परीक्षेची तयारी करीत होता. नाईटवरून आला की आंघोळ करून लगेच सकाळी 7 ते 8 जनरल रूल्सचे पुस्तक उघडी. त्याचे म्हणणे, मन मोकळे असते. पण लाइन क्लिअर देण्याच्या अटी तो पुन:पुन्हा वाचत होता आणि दुसऱ्या दिवशी त्या गळून जात होत्या. आम्ही त्याला एक वही दिली. दोन आठवडे, जागे असताना दर दोन तासांनी, एक ते पाच असा हुशारीचा आकडा लिहायचा. सोबत किती तास झोपलो तेही लिहायचे. एवढ्यावर विसंबू नये म्हणून रोज वेगवेगळ्या वेळी दहा बेरजा-वजाबाक्या करायच्या आणि किती चुकल्या व किती मिनिटे लागली ते टिपायचे. आकडा सांगताना माणूस स्वतःला फसवतो, बेरीज फसत नाही.

दोन आठवड्यांनी वही बोलू लागली. नाईटच्या दिवशी सकाळी 7 ला त्याच्या दहापैकी तीन-चार चुका होत. 12 वाजून 30 मिनिटांनी उठल्यावर लगेचही जड वाटे. झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास डोके सुस्त राहतेच, त्याला इलाज नाही. पण संध्याकाळी 5 ते 7 मध्ये क्वचितच चूक होई. दुपारपाळीच्या दिवसांत, म्हणजे 14 ते 22, त्याची चांगली वेळ सकाळी 9 ते 11 होती. सकाळपाळीला तो पहाटे 4 ला उठे, घरी आल्यावर वीस मिनिटे डुलकी घेई आणि मग 5 नंतर डोके चाले. एकाच माणसाच्या, एकाच महिन्यात, पाळीप्रमाणे वेगवेगळ्या वेळा. त्यामुळे रोज सकाळी सहा वाजता अभ्यास, असले वेळापत्रक आमच्या कामगाराच्या उपयोगाचे नाही.

मग अभ्यासक्रमाची विभागणी केली. ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत लाइन क्लिअर केव्हा द्यायची, हे कठीण. सिंगल लाइनवर अट वेगळी, डबल लाइनवर वेगळी. पहिल्या स्टॉप सिग्नलपुढचे पुरेसे अंतर टू-ॲस्पेक्टमध्ये किमान 400 मीटर आणि मल्टिपल-ॲस्पेक्टमध्ये 180 मीटर. हे पाठ करून भागत नाही, चित्र काढून, गाडी डोळ्यांसमोर चालवून समजावे लागते. ते हुशारीच्या वेळेत. उलट गाडीच्या संरक्षणासाठी ब्रॉडगेजवर एक फटाका 600 मीटरवर आणि तीन 1200 मीटरवर, दहा-दहा मीटरच्या अंतराने, हे पाठांतर. तशाच व्याख्या, हातदिव्याच्या खुणा. या चिठ्ठ्यांवर लिहून जड वेळी उलटवता येतात. नाईटनंतर घरी येऊन फार तर दहा मिनिटे चिठ्ठ्या पाहाव्यात आणि झोपावे. एका बैठकीत कठीण प्रकरण एकच, आणि बैठक दीड तासापेक्षा लांबवू नये.

आता काही अडचणी. पहिली, झोप कापून वेळ काढायची नाही. सलग दोन दिवस साडेपाच तासांहून कमी झोप झाली तर हुशारीची वेळ वहीतून नाहीशीच होते, त्या दिवशी नवे प्रकरण घेऊ नये. ओळखायचे कसे? एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचता आणि पान उलटल्यावर काय वाचले ते सांगता येत नाही, तर पुस्तक मिटा. दुसरी, कॉफी. इथली फिल्टर कॉफी चांगली असली तरी तिचा निम्मा असर पाच तासांनीही शिल्लक राहतो. नाईटला रात्री 2 नंतर घेतली की सकाळची झोप बिघडते आणि त्याबरोबर संध्याकाळची वेळही. तिसरी, ड्युटीवर पुस्तक उघडायचे नाही. पहाटे 3 ते 5 आधीच खड्डा असतो आणि त्या वेळी सिग्नल व पॉइंटवर तुमचे लक्ष हवे असते. युनियन या बाबतीत तुमची बाजू घेणार नाही.

आर.एम.एस.च्या सॉर्टिंगमधील बंधूंचा सेट ठरलेला असतो, त्यांना ही वही लवकर उपयोगी पडेल. पोस्टमनवरून पोस्टल असिस्टंटच्या परीक्षेला बसणाऱ्यांना तर त्याहून. खरा पेच कॉलवर जाणाऱ्या मालगाडीच्या लोको पायलटांचा. त्यांना घड्याळाची वेळ धरता येत नाही. त्यांनी मुख्य झोपेतून उठल्यापासून मोजावे. उठल्यावर पहिला तास सोडून पुढचे तीन तास, आणि तेही दिवसा उजेडी किंवा संध्याकाळी येत असतील तरच कठीण विषयाला द्यावेत. पहाटे 2 ला उठवले असेल तर त्या दिवशी फक्त चिठ्ठ्या.

भगिनींच्या बाबतीत वही भरल्यावर वेगळेच निघते. संध्याकाळी 5 ते 7 ही त्यांची सर्वांत हुशारीची वेळ आणि स्वयंपाकाचीही तीच. ती वही घरच्या माणसांसमोर ठेवा आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, असे ठरवून घ्या. आणि रोस्टर आठ दिवस आधी हातात पडावे, ही मागणी आम्ही लावून धरणार आहोत, कारण पाळी आदल्या संध्याकाळी कळली तर ही आखणी कागदावरच राहते.

वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा, पहिला आकडा आज झोपण्यापूर्वीच लिहा.