मराठी अर्ज, इंग्रजी रजा

चौतीस वर्षें शाळेंत मराठी आणि इंग्रजी शिकविण्यांत गेलीं. निवृत्त झाल्यावर शिकवण्या घ्याव्या असें मनांत नव्हतें; परंतु आमच्या आळींत एखाद्याला कचेरीचा कागद लिहावयाचा असला कीं त्याचीं पावलें अजून आपोआप माझ्या ओट्याकडे वळतात. असाच एक कागद २०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत माझ्यापुढें आला. कागद म्हणजे काय, तर सहा ओळींचा रजेचा अर्ज. पण त्या सहा ओळींनीं एका सज्जन गृहस्थाला चार रात्री झोंप येऊं दिली नव्हती. त्याचीच हकीकत आज सांगणार आहें.

हे गृहस्थ आमचे शेजारी. केंद्र सरकारच्या एका कचेरींत कारकून आहेत. राज्य सरकारच्या कचेरींत असते, तर मराठींत अर्ज टाकून मोकळे झाले असते. केंद्राच्या कचेऱ्यांना मात्र १९७६ चे राजभाषा नियम लागू आहेत, आणि त्यांतील सातव्या नियमाप्रमाणें कर्मचाऱ्यानें आपला अर्ज हिंदींत किंवा इंग्रजींत करावयाचा असतो. शिवाय त्यांचे वरिष्ठ अधिकारी दक्षिणेकडील असल्यामुळें कचेरींत इंग्रजीचाच प्रघात पडलेला. शेजाऱ्यांनीं अर्ज मनांतल्या भाषेंत, म्हणजे मराठींत लिहिला, आणि कचेरींतील एका तरुण सहकाऱ्याकडून त्याचें इंग्रजी करून घेतलें.

मूळ अर्ज असा होता: “मा. साहेबांचे सेवेसीं, विनंति विशेष. माझ्या मुलाची मुंज कोंकणांत आमचे मूळ गांवीं असून सर्व कार्य माझ्या डोक्यावर आहे. तरी मला बुधवारपासून सोमवारपर्यंत रजा मिळावी. कळावें, आपला आज्ञाधारक.”

मराठी वाचकाला ह्यांत खटकण्याजोगें कांहींच नाहीं. आतां त्या तरुणानें केलेलें इंग्रजी ऐका. ‘कार्य माझ्या डोक्यावर आहे’ ह्याचें त्यानें केलें, ‘द होल फंक्शन इज अपॉन माय हेड’. हें वाचून साहेब नुसते हसले असते तरी चाललें असतें. खरी मौज पुढील वाक्यांत आहे. आपल्याकडे अर्जांतला ‘तरी’ म्हणजे ‘म्हणून’. मागील कारण सांगून झालें, आतां विनंती येत आहे, एवढीच त्याची सूचना. पण कोशांत ‘तरी’चा पहिला अर्थ पाहून त्यानें तेथें ‘स्टिल’ घातलें, आणि ‘मिळावी’ ह्या विध्यर्थाला ‘शुड’ जोडून ‘स्टिल आय शुड गेट लीव्ह’ असें वाक्य उभें केलें. ‘कांहीं झालें तरी मला रजा मिळालीच पाहिजे’ असा ह्याचा इंग्रजी कानाला अर्थ होतो. मराठींत ‘मिळावी’, ‘व्हावी’, ‘द्यावी’ हीं हात जोडलेलीं रूपें आहेत. इंग्रजी ‘शुड’ हात जोडीत नाहीं. तें बोट दाखवितें. हा दोष मीं चौतीस वर्षें मुलांच्या वह्यांत पाहिला आहे. ज्याला तो टाळावयाचा असेल त्यानें अर्जांतील प्रत्येक ‘-वा, -वी, -वें’ ह्या रूपापाशीं थांबावें आणि तेथें ‘शुड’ न लिहितां वाक्याचा कर्ताच बदलावा. रजा ‘मिळावी’ असें न म्हणतां मी रजेची विनंती करितों, म्हणजे ‘आय रिक्वेस्ट’, असें म्हटलें कीं पुरें.

पण साहेब रागावले ते ह्या वाक्यावरही नाहींत. त्यांनीं समासांत लाल शाईनें एकच ओळ लिहिली होती. तिचा आशय असा: “सेवापुस्तकांतील नोंदीप्रमाणें आपणांस दोन मुली आहेत, मुलगा नाहीं. खुलासा करावा.”

सरकारी नोकराच्या सेवेच्या कागदपत्रांत त्याच्या कुटुंबाचा तपशील असतो. रजा मागण्यासाठीं खोटें कारण दिलें असें ठरलें, तर गोष्ट रजा नाकारण्यापुरती राहत नाहीं. शिस्तभंगाची चौकशीही होऊं शकते. शेजाऱ्यांची झोंप उडाली ती ह्यामुळें.

“मास्तर, मीं खोटें लिहिलेलें नाहीं,” ते म्हणाले. त्यांच्या थोरल्या बंधूंचें २०२१ सालीं निधन झालें. तेव्हांपासून वहिनी आणि तो मुलगा ह्यांच्याच घरीं आहेत. मुलाच्या शाळेच्या पुस्तकांपासून चपलांपर्यंत सर्व हेच पाहतात. घरांत कोणी त्याला पुतण्या म्हणत नाहीं. तो मुलगाच आहे.

मीं म्हटलें, “आपण पुतण्या असें लिहूं या. इंग्रजींत ‘नेफ्यू’.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हा कागद माझ्या टेबलावर पडलेला असतो. वहिनी डबा घेऊन कधीं कधीं येतात. त्यांनीं तो शब्द वाचला तर?”

श्रोतेहो, ह्यावर मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. भाषांतर करितांना शब्दाला शब्द मिळाला कीं आपण पुढें जातों. परंतु ‘नेफ्यू’ हा शब्द ह्या ठिकाणीं दोन्हीं बाजूंनीं उणा पडतो. एक तर त्यांत पुतण्या आणि भाचा हे दोन्ही येतात, आणि मुंजींत ह्या दोन नात्यांचें काम एक नव्हे. भाच्याच्या मुंजीला मामा मानाचा पाहुणा असतो. तो मुंजीच्या दिवशीं सकाळीं पोहोंचला तरी भागतें. पण ज्या मुलाचा बाप हयात नाहीं त्याची मुंज आजोबा, चुलता किंवा वडील भाऊ लावतो. आदल्या दिवशीं ग्रहमख त्यानें करावयाचें, देवक त्यानें बसवावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं बटूला गायत्रीचा उपदेशही त्यानेंच करावयाचा. तो नसला तर मुंज लागत नाहीं. मातृभोजनाला आई आहे. बापाच्या पाटावर कोण बसणार, हाच ह्या अर्जाचा गाभा होता, आणि तोच ‘फॅमिली फंक्शन’ ह्या दोन शब्दांत नाहींसा होत होता. परप्रांतीय अधिकाऱ्याला ‘फंक्शन’ म्हणजे जेवणावळ वाटते. जेवणावळीला एक दिवसाची रजा पुष्कळ झाली, असें त्यानें म्हटलें तर त्याचा दोष नाहीं.

म्हणून मीं ‘सन’ही सोडला आणि ‘नेफ्यू’ही. ‘माय एल्डर ब्रदर्स सन’ असें लिहिलें. ह्यांत ‘मुलगा’ हा शब्द राहिला, नातें अचूक झालें, आणि लागूनच ‘मी त्याच्या वडिलांच्या जागीं बसणार आहें’ हें वाक्य आल्यावर सेवापुस्तकाशीं विरोधही उरला नाहीं. शेजाऱ्यांनीं तें दोनदां वाचलें आणि मान हालविली.

राहिला तारखांचा हिशेब. निमंत्रणपत्रिकेवर ‘वैशाख शुद्ध द्वादशी’ होतें. ती त्या सालीं शुक्रवारीं, ९ मे रोजीं आली होती. ग्रहमख गुरुवारीं, प्रवास बुधवारीं. शनिवार-रविवार कचेरी बंद, आणि सोमवारीं, १२ मे रोजीं, बुद्धपौर्णिमेची सुट्टी. म्हणजे ‘बुधवारपासून सोमवारपर्यंत’ असे सहा दिवस त्यांनीं मागितले होते खरे, पण कामाचे दिवस त्यांत तीनच होते. रजेचा प्रकारही अर्जांत नव्हता. तो नसला आणि कारकुनानें ती अर्जित रजा धरली, तर ७ ते १२ अशी मागितलेली रजा मधल्या सुट्ट्यांसह सहा दिवस खात्यावर पडते. नैमित्तिक रजेंत सुट्टीचे दिवस मोजले जात नाहींत; केंद्राच्या कर्मचाऱ्याला ती वर्षाला आठ दिवस असते, आणि ह्यांचे सहा शिल्लक होते. तेव्हां नैमित्तिक रजा तीनच दिवसांची मागावयाची आणि पुढील सुट्ट्या तिला जोडून घेण्याची परवानगी वेगळी मागावयाची, असें ठरलें. ह्या जोडण्याला कचेरींत ‘सफिक्स’ म्हणतात. सुट्टी रजेच्या आधीं असली तर ‘प्रीफिक्स’. गांव सोडून जावयाचें असल्यामुळें मुख्यालय सोडण्याचीही परवानगी हवी. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ लिहून शेवटचा दिवस धरावा कीं सोडावा असा घोळ घालण्यापेक्षां मीं तीनही तारखा सुट्या लिहिल्या आणि कामावर येण्याचा वार व तारीख स्वतंत्र वाक्यांत दिली. असें केलें म्हणजे एक आंकडा चुकला तरी दुसऱ्यावरून ती चूक उघडी पडते.

मायन्यांत ‘सेवेसीं’ आणि ‘विनंति विशेष’ ह्यांचें भाषांतर करण्याचा मोह धरूं नये. वर ‘सर’ आणि खालीं ‘युवर्स फेथफुली’ एवढें बस्स होतें. ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ हें आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत ठीक होतें. मला तें अजून आवडतें, पण तो माझा म्हातारपणाचा दोष.

शेवटीं अर्ज झाला तो असा. नभोवाणीवर तो जसा वाचला तसाच देतों:

“सर, आय रिक्वेस्ट थ्री डेज कॅज्युअल लीव्ह ऑन ७, ८ अँड ९ मे २०२५, टू परफॉर्म द उपनयन, ऑर थ्रेड सेरेमनी, ऑफ माय एल्डर ब्रदर्स सन. माय ब्रदर डाइड इन २०२१, अँड आय हॅव टू टेक द फादर्स प्लेस इन द राइट्स, विच बिगिन ऑन ८ मे अँड एंड ऑन ९ मे. आय ऑल्सो रिक्वेस्ट परमिशन टू सफिक्स द हॉलिडेज ऑफ १०, ११ अँड १२ मे, अँड टू लीव्ह हेडक्वार्टर्स आफ्टर ऑफिस अवर्स ऑन ६ मे. आय शॅल रिझ्यूम ड्यूटी ऑन ट्यूसडे, १३ मे. युवर्स फेथफुली.”

समासांतील शेऱ्याचा खुलासा निराळ्या कागदावर दोन ओळींत दिला: आधींच्या अर्जांत ‘सन’ हा शब्द भाषांतरांत आला, मूळ मराठींत घरच्या बोलण्याप्रमाणें पुतण्याला मुलगा म्हटलें होतें, मूळ मराठी अर्ज सोबत जोडला आहे. हा मूळ कागद जपून ठेवलेला होता म्हणून बरें. भाषांतर करून घेणारे बहुतेक लोक तोच आधीं फाडून टाकतात.

तिसऱ्या दिवशीं रजा मंजूर होऊन आली. साहेबांनीं शेजाऱ्यांना बोलावून विचारलें, कीं तुमच्याकडे बाप नसला तर चुलत्यानें मंत्र दिलेला चालतो का. आमच्याकडेही तसेंच आहे. मुंजीहून परत आल्यावर शेजारी १३ तारखेला कामावर रुजू झाले, आणि संध्याकाळीं लाडवांचा डबा घेऊन बटूच माझ्या ओट्यावर आला. डोकें गुळगुळीत, शेंडी ताजी. “काकांनीं दिलाय,” म्हणाला, आणि लगेच जीभ चावून म्हणाला, “बाबांनीं.”