सातबाऱ्यावरचे नाव

पतीच्या वर्षश्राद्धानंतर एक विधवा पीककर्जासाठी सातबाऱ्याचा उतारा काढावयास गेली, तो भोगवटादार म्हणून दिराचे नाव! ती माझ्या कचेरीत आली. मी तिला फेरफाराची नक्कल काढावयास सांगितले. तीत 'मयतास अन्य वारस नाही' असा दिराचा जबाब होता आणि नोटिशीच्या पोचेवर तिचा म्हणून अंगठा.

"साहेब, मी चौथी शिकले आहे, सही करते," ती म्हणाली.

अपिलाची साठ दिवसांची मुदत उलटली होती. विलंबमाफीचा अर्ज जोडून तिने प्रांतांकडे दाद मागितली. नोंद रद्द झाली. फेरफाराने मालकी जन्मत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने ती पतीच्या मृत्यूक्षणीच वारस ठरली होती.

जाताना ती एवढेच म्हणाली, "भाऊजींना तुरुंगात धाडू नका. बांध एकच आहे."