आजीचा डाळिंबी शालू

आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो पिवळट, फिकट झाला होता. फोटोवाल्याने तो स्कॅन करून संगणकावर रंगवला आणि शालू हिरवा केला. आजी म्हणाली, “ही मी नव्हेच!” चूक साहजिक होती. कृष्णधवल फोटोत फक्त उजेडाची कमीजास्त छटा उतरते. लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसू शकतात.

मग नातीने ट्रंकेतला शालू काढला. वरची घडी विटलेली, आतली मात्र डाळिंबी. खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून तिने आतल्या घडीचा फोटो काढला. त्यावरून रंग जुळवला.

नवी प्रत पाहताच आजीने पदरावर बोट ठेवलं. “हाच गं!”

मूळ फोटो मात्र तसाच जपा. रंग प्रतीवरच भरा.