एक गण, एक ओळ

आवर्तसारणीच्या प्रत्येक गणासाठी कवितेची एक ओळ, ही निव्वळ घोकंपट्टी आहे, असा आक्षेप घेतला जातो. नुसती नावं जुळवली, तर तो खराच आहे. पण हॅलोजनांची अशी ओळ रचून पाहा: ‘फ्लोरिन, क्लोरिन वायू दोन, ब्रोमिन द्रव, आयोडिन घन.’ नावं सारणीतल्याच क्रमानं, वरून खाली आली. नेहमीच्या तापमानाची अवस्थाही आली. याच क्रमानं अभिक्रियाशीलता घटते. म्हणून सोडियम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरिन वायू सोडला, की ब्रोमिन मोकळं होऊन द्रावण नारिंगी दिसतं. आयोडिनला ते जमत नाही. यमकासाठी क्रम फिरवलात, तर हे उत्तर हुकलंच! अल्क धातूंत मात्र अभिक्रियाशीलता खाली वाढत जाते. आणि त्या ओळीत हायड्रोजन घेऊ नका. पहिल्या गणात असला, तरी तो धातू नाही.