पासबुकात दिसतं ते सगळं उत्पन्न नव्हे, आणि सगळं उत्पन्न पासबुकात दिसत नाही

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेत होतात, तेव्हा निवृत्तांच्या इन्कम टॅक्सवर अर्धा तास बोला." मी 'हो' म्हणालो खरा, पण आधी एक कबुली देतो. मी बँकेत चौतीस वर्षं काढली. दर एप्रिलमध्ये काउंटरवर बसून शेकडो ज्येष्ठांकडून १५ एच फॉर्म भरून घेतले. आणि स्वतः निवृत्त झाल्यावर माझ्याच रिटर्नमध्ये चूक केली. आजचं बोलणं त्या चुकीपासूनच सुरू करतो.

२०२१-२२ सालचं रिटर्न मी पासबुक समोर ठेवून भरलं. पेन्शन, पोस्टातलं व्याज, बचत खात्याचं व्याज, सगळं पासबुकातून उतरवलं. वजावटी जाऊन करपात्र उत्पन्न आलं ४,६०,००० रुपये. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ५ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणून मी निश्चिंत होतो. बँकेला १५ एच दिला होता, त्यामुळे टीडीएसही कापला गेला नव्हता. २०२३ च्या सुरुवातीला आयकर खात्याकडून मेसेज आला की तुमच्या रिटर्नमधलं व्याज आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही.

झालं होतं असं, की माझी एक मोठी ठेव मुदतीअंती व्याजासकट मिळणारी होती, ज्याला आपण क्युम्युलेटिव्ह म्हणतो. तिचं व्याज खात्यात जमा होत नाही, ठेवीतच मिळत जातं. म्हणून पासबुकात त्याची एकही ओळ नव्हती. पण बँक दरवर्षी ते व्याज हिशोबात धरते आणि आयकर खात्याला कळवते. त्या वर्षीचं ते व्याज होतं १,३१,००० रुपये. ते मिळवल्यावर उत्पन्न ५,९१,००० झालं, म्हणजे ५ लाखांची रेघ ओलांडली आणि सगळी सूट गेली. कर आणि सेस मिळून २९,३२८ रुपये. सुधारित रिटर्नची मुदत टळली होती, म्हणून अद्ययावत रिटर्न भरावं लागलं, आणि त्यात वर २५ टक्के जादा. एकूण छत्तीस हजारांच्या वर गेलं. सौ. एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षं बँकेत काय केलंत?" उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी पासबुकावरून हिशोब करत नाही. प्रत्येक उत्पन्नाचा आकडा त्याच्या मूळ कागदावरून घेतो. पेन्शनचा फॉर्म १६ वरून, व्याजाचा बँकेच्या इंटरेस्ट सर्टिफिकेटवरून, आणि शेवटी सगळं एआयएसशी, म्हणजे आयकराच्या पोर्टलवर मिळणाऱ्या वार्षिक माहिती पत्रकाशी, ताडून बघतो.

आता एक हिशोब शेवटपर्यंत करू या. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा. आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नवा कायदा घेतोय आणि कलमांचे आकडे बदलतायत, म्हणून मी कलमं सांगत बसणार नाही.

समजा एक गृहस्थ ७२ वर्षांचे आहेत. आपल्यासारख्याच सोसायटीत राहतात आणि दुसरा छोटा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे.

पहिली पेन्शन. महिना ४६,०००, वर्षाचे ५,५२,०००. नोकरीच्या पगाराप्रमाणेच पेन्शनलाही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. नव्या पद्धतीत ७५,०००, जुन्या पद्धतीत ५०,०००. नवी पद्धत धरली तर उरले ४,७७,०००. इथे भगिनींना एक सांगतो. पतीच्या पश्चात मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनला हे ७५,००० मिळत नाहीत. तिला पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यातली कमी असेल ती वजावट मिळते. जुन्या पद्धतीत हीच मर्यादा १५,००० आहे.

दुसरं भाडं. महिना २०,०००, म्हणजे २,४०,०००. भाडेकरूचं डिपॉझिट यात धरायचं नाही, ते परत द्यायचं असतं. भाड्यातून आधी घरपट्टी वजा होते, पण ती मालकाने त्याच वर्षी प्रत्यक्ष भरलेली हवी. मुंबईकडच्या बऱ्याच सोसायट्यांत घरपट्टी सोसायटी एकत्र भरते आणि मेंटेनन्सच्या बिलात लावते. मग मालकाला वाटतं आपण घरपट्टी भरतच नाही! बिल नीट वाचा, 'प्रॉपर्टी टॅक्स' अशी वेगळी ओळ असते, वर्षाची बेरीज करा. आपल्या गृहस्थांची ती १४,००० झाली. उरले २,२६,०००. यातून सरसकट ३० टक्के, म्हणजे ६७,८००, दुरुस्ती-देखभालीपोटी वजा होतात. खर्च केलात की नाही, कोणी पावती मागत नाही. पण तुम्ही जास्त खर्च केलात तरी वजावट तेवढीच. रंगकाम, प्लंबर, ब्रोकर यांच्यासाठी वेगळी वजावट कायद्यात नाही. करपात्र भाडं राहिलं १,५८,२००. ही सवलत नव्या पद्धतीतही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तिसरं व्याज. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत १२ लाख, ८.२ टक्क्यांनी ९८,४००. बँकेतल्या क्युम्युलेटिव्ह ठेवींवर १,४७,०००, म्हणजे माझ्या चुकीचंच ठिकाण. बचत खात्यावर ९,६००. एकूण २,५५,०००. पीपीएफचं व्याज करमुक्त असल्यामुळे बेरजेत नाही. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाखापेक्षा जास्त व्याज झालं की टीडीएस कापला जातो. या गृहस्थांनी १५ एच दिला नव्हता, म्हणून बँकेने १४,७०० कापले.

चौथा लाभांश, म्हणजे शेअर्सचा डिव्हिडंड. खात्यात आले ३६,०००. पण एका कंपनीचा लाभांश २०,००० होता. १०,००० च्या वर गेल्यामुळे तिने १० टक्के, म्हणजे २,००० कापून पाठवले. उत्पन्न धरायचं ते कापण्याआधीचं, ३८,०००. पूर्वी लाभांश घेणाऱ्याला कर नसायचा, ती सवय अजून गेलेली नाही. एप्रिल २०२० पासून तो आपल्याच उत्पन्नात मिळवून करपात्र आहे.

आता बेरीज. ४,७७,०००, १,५८,२००, २,५५,००० आणि ३८,०००, मिळून ९,२८,२००. नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आणि उरलेल्या १,२८,२०० वर १० टक्के म्हणजे १२,८२०. कर झाला ३२,८२०. पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे तेवढीच सूट मिळते आणि देणं शून्य. उलट कापलेले १६,७०० परत मिळायचे आहेत.

हेच गृहस्थ जुन्या पद्धतीने गेले तर? स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० च, म्हणून बेरीज ९,५३,२००. ठेवींच्या व्याजाची ज्येष्ठांची ५०,००० ची वजावट आणि मेडिक्लेमचे ४२,००० घेतले, तर उरतात ८,६१,२००. कर आणि सेस मिळून सुमारे ८५,५३०. म्हणजे नव्वद हजारांच्या वजावटी मिळवण्यासाठी पंच्याऐंशी हजारांचा कर! सवयीने जुनी पद्धत धरून बसलेल्यांनी हे घरी जाऊन तपासावं. धंद्याचं उत्पन्न नसेल, तर दरवर्षी रिटर्न भरतानाच पद्धत निवडता येते, मात्र रिटर्न मुदतीत हवं.

पण १२ लाखांच्या आकड्याबद्दलही गैरसमज आहेत. 'कर नाही म्हणजे रिटर्न नको' असं नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. सूटही त्यातच मागायची असते. शेअर्स किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्याला ही सूट मिळत नाही. आणि १२ लाख थोडक्यात ओलांडले तर घाबरू नका. उत्पन्न १२,१०,००० असेल, तर कर वरच्या १०,००० पेक्षा जास्त घेतला जात नाही, सेस तेवढा वेगळा.

मागच्या वेळी बी विंगमधल्या एका ताईंनी विचारलं होतं, "ह्यांनी माझ्या नावावर ठेव ठेवलीय, मग व्याज माझंच ना?" पैसे पतीचे असतील आणि नुसतं नाव पत्नीचं असेल, तर व्याज पतीच्या उत्पन्नात धरलं जातं. ताईंच्या स्वतःच्या पगारातली किंवा माहेरून मिळालेली रक्कम असेल, तर ते त्यांचं. त्यामुळे पैसा कुठून आला, याचा कागद जपून ठेवा.

दुसरा प्रश्न होता, "पंचाहत्तरी झाली, आता रिटर्न सुटलं ना?" ते फक्त अशांना, ज्यांना पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न आहे आणि ज्यांनी तसं निवेदन त्या बँकेला दिलंय. मग बँकच हिशोब करून कर कापते. भाडं किंवा लाभांश आला की ही सवलत नाही. म्हणजे आपल्या गृहस्थांना पंचाहत्तरीनंतरही सुटका नाही.

आणि १५ एच बद्दल माझा अनुभव ऐकाच. तो फॉर्म म्हणजे करमाफी नव्हे. 'माझ्या अंदाजे एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे' असं आपण सही करून सांगतो. आपल्या गृहस्थांना तो देता आला असता आणि १६,७०० अडकले नसते. मी दिला तेव्हा मात्र माझा अंदाजच चुकलेला होता. म्हणून आधी बेरीज करा, मग सही.

मे महिन्याच्या शेवटी आणि जूनमध्ये बँकांची माहिती एआयएसमध्ये येते. त्यानंतर रविवारी सकाळी दहा वाजता मी क्लब हाऊसमध्ये बसेन. येताना पेन्शनचा फॉर्म १६, प्रत्येक बँकेचं आणि पोस्टाचं व्याजाचं सर्टिफिकेट, वर्षाची मेंटेनन्सची बिलं आणि भाडेकराराची प्रत आणा. पासबुक घरीच ठेवलंत तरी चालेल.